दहावीनंतर डिप्लोमा: हात स्वस्थ न बसणाऱ्या मुलीसाठी पॉलिटेक्निक की टूल अँड डाय?

जालन्याचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. दहावीला ७१ टक्के, गणितात ६३, विज्ञानात ७८. पाठांतराचा मनस्वी कंटाळा. पण आमच्या बियाण्याच्या दुकानातलं पाकिटं सील करायचं मशीन बंद पडलं की मेकॅनिकच्या आधी तिला हाक मारायची, हा आता घरचा रिवाजच झालाय. मागच्या महिन्यात सील एका टोकाला कच्चं राहत होतं. मी हीटर बदलायला निघालो होतो. तिने दोन्ही जबड्यांमध्ये कागदाची पट्टी धरून ओढून बघितली, एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल निघाली. मग पत्र्याचा पातळ तुकडा कापून जबड्याखाली सरकवला आणि काम झालं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

आता घरात तीन मतं. बहीण म्हणते बारावी सायन्स कर, पुढचं पुढे बघू. भाऊजींना पॉलिटेक्निकचं मेकॅनिकल हवंय. आणि छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत ते इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा एका गिऱ्हाइकाने सुचवला. तो चार वर्षांचा आहे म्हणे, त्यातलं शेवटचं वर्ष कंपनीत. हे नक्की काय असतं? पॉलिटेक्निकपेक्षा वेगळं काय? आणि मुलीने करण्यासारखं आहे का? शेवटचा प्रश्न माझा नाही, बहिणीचा आहे.

निखिल_वाळूज

मामा, सरळ बारावी सायन्स करू द्या. बारावीनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, म्हणजे एक वर्ष वाचतं. माझ्या मित्राने तेच केलं. आणि डिप्लोमात थिअरी फारशी नसतेच, सगळं प्रॅक्टिकल असतं, त्यामुळे पाठांतराची चिंता नको.

खडूफळा

निखिल, थेट दुसऱ्या वर्षाचं बरोबर आहे, पण हिशोब उलटा लावलात. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षांचा. दहावीनंतर बारावीची दोन आणि मग डिप्लोमाची दोन, म्हणजे चार. ज्याची बारावी आधीच झालीय त्याचं वर्ष वाचतं. जी अजून अकरावीच्या उंबऱ्यावर आहे तिचं उलट एक वर्ष जातं.

शिवाय जे वर्ष गाळलं जातं ते कोणतं, तेही बघायला हवं. मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो. पहिल्या वर्षात वर्कशॉप आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्स असतं. कानस, करवत, वेल्डिंग, सुतारकाम, पत्र्याचं काम यांची पहिली ओळख तिथे होते आणि ड्रॉइंग वाचायची सवयही तिथेच लागते. बारावीहून आलेली मुलं तिसऱ्या सेमिस्टरला येऊन बसतात. गणित-फिजिक्समध्ये ती इतरांच्या पुढे असतात, पण एखाद्या पार्टचे तीन व्ह्यू फळ्यावर काढले की त्यांना तो पार्ट डोळ्यापुढे उभा करता येत नाही. जिला हातानेच शिकायचंय तिने नेमकं तेच वर्ष का गाळावं?

आणि थिअरी नसते हे तर अजिबात नाही. पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथ्स, दुसऱ्याला अप्लाइड मॅथ्स, ज्याला मुलं एम-टू म्हणतात. त्यात इंटिग्रेशन येतं, आणि हाताने हुशार मुलं तिथेच अडकतात. एम-टूची एटीकेटी ओढत दुसऱ्या वर्षात येतात, त्यात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स राहिला की वायडी, म्हणजे वर्ष वाया. दहावीला गणितात ६३ वाईट नाहीत, पण ते ६३ कसे आले ते तिला विचारा. उदाहरणं समजून सोडवली असतील तर निभेल. संच पाठ करून आले असतील तर जूनपासूनच बीजगणित आणि त्रिकोणमिती हातात घेऊ द्या.

चिंगी_सातारा

माझ्या मुलीलाही हाताने काम करायला खूप आवडतं. क्रोशे, रेझिनचे दागिने, सगळं छान करते. तिला आम्ही बारावी सायन्सनंतर डीएमएलटीला घातलं, कारण लॅबमध्ये पण हातानेच काम असतं ना. आता रक्त काढण्यात तिचा हात इतका हलका झालाय की पेशंट तिलाच मागतात. तुमच्या भाचीला बायोलॉजी आवडतं का?

जालन्याचा_मामा

चिंगीताई, रक्त बघून ती चक्कर येऊन पडते. पण हलक्या हाताचं लक्षात ठेवतो.

खडूफळा सर, आता तुम्हालाच विचारतो. पॉलिटेक्निकला वर्कशॉप किती असतं प्रत्यक्षात?

खडूफळा

पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण चार तास, वीस-बावीस मुलांची बॅच. पुढे मॅन्युफॅक्चरिंगची प्रॅक्टिकल्स असतात, लेथ-मिलिंग येतं. आता नव्या अभ्यासक्रमात बारा आठवड्यांची इंटर्नशिपही आहे, ती चांगल्या ठिकाणी मिळाली तर खूप फायदा होतो. पण एका लेथवर चार-पाच मुलं उभी असतात हे मान्य करायला हवं. एक चालवतो, एक रीडिंग लिहितो आणि बाकीचे बघतात. चुणचुणीत मूल हँडल सोडत नाही, ते शिकून जातं.

कोल्हापूरचा_लेथ

सर खरं बोलले, बरं वाटलं. आमच्या शिरोलीला माझं जॉबवर्कचं छोटं युनिट हाय. डिप्लोमावाली पोरं येत्यात मुलाखतीला. मी काय विचारत न्हाई, एक मायक्रोमीटर आणि एक पिन हातात देतो. म्हणतो, बघ किती हाय. निम्मी पोरं मायक्रोमीटर शिकंजासारखा आवळत्यात. रॅचेट कशासाठी दिलाय हे ठाव नसतंय. तीन वर्षं काय केलं मग?

एका पोरानं तर सरळ सांगितलं, वर्कशॉपचा जॉब कॉलेजच्या बाहेरच्या दुकानात तयार मिळायचा, नाव कोरून आणून द्यायचा. कुठलं कॉलेज ते सांगत न्हाई.

माझं मत विचाराल तर आयटीआय करा. फिटर न्हाईतर मशिनिस्ट, दोन वर्षं. रोज मशीनवर. त्याच्यावर पुढं डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतंय. दोन आणि दोन चार. बारावीवाल्याची बी चारच. फरक काय, तर ह्याच्या हातात कसब असतंय.

निखिल_वाळूज

पण आयटीआय म्हटलं की लग्नाच्या बाजारात…

कोल्हापूरचा_लेथ

निखिलराव, धागा शिक्षणाचा हाय.

टूलरूमवाला

उशिरा आलो. मी डायमेकर, संभाजीनगर आणि पुण्यात मिळून वीसेक वर्षं याच कामात आहे. लेथवाल्यांचं आयटीआयबद्दलचं म्हणणं मला पटतं. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर असा स्वतंत्र ट्रेडही आहे, तोही दोन वर्षांचा, पण तो सगळीकडे नसतो. त्या वाटेची अडचण एकच. आयटीआयहून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाला हात असतो पण गणित तुटलेलं असतं, आणि पॉलिटेक्निक त्याच्यासाठी थांबत नाही.

टूलरूमच्या डिप्लोमाबद्दल सांगतो. टूलरूम म्हणजे मुळात कारखाना. बाहेरच्या कंपन्यांसाठी तिथे डाय, मोल्ड, जिग बनतात आणि त्याच छपराखाली मुलं शिकतात. चिकलठाण्याची ही संस्था केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. प्रवेश पॉलिटेक्निकच्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, होत नाही. संस्थेची वेगळी जाहिरात आणि वेगळी प्रवेशपरीक्षा असते, वयाचीही अट असते. त्यामुळे 'आधी बारावी करू, मग टूलरूम बघू' असं ठरवलं तर वयाचा आकडा आधी तपासा. कॅपचा फॉर्म भरत असताना ही तारीख हातची निघून गेली, असं बऱ्याच घरांत होतं.

शिकवण्याचा क्रम तिथे वेगळा. सुरुवात फिटिंगपासून, म्हणजे व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आणि हातात कानस. कित्येक आठवडे. मग लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडिंग, त्यानंतर सीएनसी आणि तारेने धातू कापणारं वायरकट, आणि सोबत ड्रॉइंग नि डिझाइन. दिवसाचा मोठा भाग उभ्याने जातो. पहिल्या वर्षी गळणारी मुलं अभ्यासाने गळत नाहीत, कंटाळ्याने गळतात. "मी मशीन शिकायला आलो आणि हे मला दीड महिना कानस मारायला लावतात" ही ठरलेली तक्रार.

म्हणून मामा, फॉर्म भरायच्या आधी घरीच एक गोष्ट करून बघा. जालन्याला लोखंडाला तोटा नाही. दहा मिलिमीटर जाडीच्या एमएस फ्लॅटचा ५० बाय ५० चा तुकडा कापून आणा. एक मोठी रफ कानस, एक बारीक कानस, एक गुण्या आणि कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याचा व्हाइस एवढं पुरे. तिला सांगा, एक कड सरळ कर आणि शेजारची कड तिच्याशी काटकोनात आण.

पहिल्यांदा काय होईल ते आताच सांगतो. कानस पुढे ढकलताना हात वरखाली झुलतो, त्यामुळे कडेची दोन्ही टोकं जास्त घासली जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. गुण्याचं पातं कडेवर ठेवून उजेडाकडे धरलं की मध्ये पातं टेकलेलं आणि दोन्ही टोकांना उजेडाची चीर दिसते. मुलं मग टोकांकडे बघत अजून जोर लावतात आणि फुगवटा आणखी वाढतो. कापायचं असतं मधलं. ते तिला सांगू नका. स्वतःहून तिच्या लक्षात येतं का, आणि आलं तर ती परत कानस उचलते का, एवढंच बघा.

रेवती_के

टूलरूमवाल्यांशी सहमत, पण कानसवर सगळं ठरवू नका हो. मी पॉलिटेक्निकचं मेकॅनिकल करून चाकणला क्वालिटीत आहे, सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर. आमच्या बॅचला मेकॅनिकलला आम्ही चारच मुली होतो. मला कानस कधीच जमली नाही, फिटिंगचा जॉब माझा सगळ्यात खराब होता. पण मापात मला मजा यायची. एका ठिकाणी घेतलेलं माप दुसऱ्या ठिकाणी का बदलतं, ते शोधत बसायला आवडायचं. सील मशीनच्या जबड्यात कागदाची पट्टी घालून ओढणारी मुलगी माझ्या जातीची वाटते. तिने दुरुस्तीच्या आधी मोजलं! हाताने काम आवडणं म्हणजे फक्त घासणं-कापणं नसतं. मोजणं, जुळवणं, फॉल्ट शोधणं हेही त्यातच आलं.

मुलीने करावं का, याबद्दल. वजनाचं म्हणाल तर जड डाय क्रेनने उचलतात, पुरुषही हाताने उचलत नाहीत. खरा प्रश्न शिफ्टचा आणि राहण्याचा असतो. रात्रपाळीला बायकांना घ्यायचं तर कंपनीला ने-आणीची आणि सुरक्षिततेची सोय करावी लागते. म्हणून काही कंपन्या सरळ मुलींना फक्त क्वालिटी, डिझाइन, स्टोअर्समध्ये घेतात आणि शॉपफ्लोअरला टाळतात. मला तसंच टाळलं गेलं. मी क्वालिटीत रमले हा योगायोग. तिला मशीनवरच उभं राहायचं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. आणि बहिणीला सांगा, होस्टेल कुठे आहे, संस्थेपासून किती लांब आहे, हे स्वतः जाऊन बघा.

टूलरूमवाला

रेवतीताईंचं मोजण्याचं म्हणणं मान्य. आमच्याकडेही उत्तम डायमेकर तोच, जो कापायच्या आधी दोनदा मोजतो. शिफ्टबद्दल मी काही बोलणार नाही, ते तुम्हाला जास्त माहीत.

जालन्याचा_मामा

सगळ्यांचे आभार. तुकडा आणलाय, शेजारच्या ग्रिलवाल्याकडे व्हाइस आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "मामा, पण हे शिकून शेवटी बनवतात काय?" मला सांगता आलं नाही. डाय म्हणजे साचा, एवढंच मला माहीत.

टूलरूमवाला

तिचा प्रश्न बरोबर आहे. एक साधं उदाहरण घेऊ, १२ च्या बोल्टचा वॉशर. भोक १३ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २४, जाडी अडीच. असे लाखो लागतात, ते कुणी कापत बसत नाही. पत्र्याची पट्टी प्रेसमध्ये सरकत जाते, पहिल्या ठोक्याला भोक पडतं, पट्टी एक घर पुढे सरकते, पुढच्या ठोक्याला त्याच भोकाभोवती पूर्ण वॉशर कापला जाऊन खाली पडतो. वरून येतो तो पंच, खाली छिद्र असलेला ठोकळा तो डाय.

आता यातलं डोकं कुठे लागतं बघा. पंच आणि डाय एकाच मापाचे केले तर चालत नाही, दोघांत थोडी फट ठेवावी लागते. साध्या लोखंडी पत्र्याला एका बाजूला जाडीच्या साधारण पाच टक्क्यांपासून सुरुवात करतात. अडीच मिलिमीटरला ती फट सव्वाशे मायक्रॉन झाली, दोन्ही बाजूंची मिळून पाव मिलिमीटर. ही पाव मिलिमीटर द्यायची कुणाला? भोकाचं माप पंच ठरवतो, म्हणून भोकाचा पंच १३.०० आणि त्याचा डाय १३.२५. पण बाहेरच्या व्यासाला उलटं. तिथे आपल्याला हवा असलेला तुकडा डायमधून खाली पडतो, त्याचं माप डाय ठरवतो. म्हणून डाय २४.०० आणि पंच २३.७५. शिकाऊ मुलगा इथे हमखास फसतो. दोन्हीकडे पंचच मापात ठेवतो आणि वॉशर पाव मिलिमीटर मोठा निघतो.

मग ठोकळा. डी-टू नावाचं स्टील घेतात, ते आधी नरम असतं. नरम असतानाच त्यात बोल्टची आणि डॉवेलची भोकं पाडायची, आटे पाडायचे, ग्राइंडिंगसाठी थोडी जाडी राखायची आणि मग हार्डनिंगला पाठवायचं. परत येतो तेव्हा तो कडकपणात ५८-६० एचआरसी झालेला असतो, साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. आता २४ चं छिद्र वायरकटवर कापायचं, तर तार ओवायला आधीचं एक बारीक भोक लागतं. ते नरम असताना पाडायचं राहिलं की ठोकळा हातात घेऊन मुलगा उभा. मग ठिणगीने धातू खाणाऱ्या स्पार्क मशीनवर भोक पाडून घ्यावं लागतं, वेळ आणि पैसे दोन्ही जातात. कुठलं काम कशाच्या आधी करायचं, हा क्रम या धंद्यात मापाइतकाच महत्त्वाचा. पुस्तकात तो दोन ओळींत असतो, अंगवळणी पडायला वर्षं लागतात.

आणि शेवटी वॉशर हातात आला की तो डायबद्दल सगळं सांगतो. कडेला बोट फिरवून बर, म्हणजे कापताना वर आलेली धारदार कोर, बघायची. बर सगळीकडून सारखी आली असेल तर धार गेलीय किंवा फट जास्त झालीय. एकाच बाजूला बर आहे आणि समोरची बाजू स्वच्छ, तर पंच मध्यावर बसलेला नाही, डाय उघडून तो सरकवा. धार लावून उपयोग नाही. कड भिंगाखाली धरली तर वर एक चकचकीत पट्टा दिसतो आणि खाली खरखरीत तुटलेला भाग. तो चकचकीत पट्टा वर्तुळभर सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर फट असमान आहे, मोजायची गरजच नाही.

तिच्या सील मशीनचंच बघा, एका टोकाला कच्चं आणि दुसऱ्या टोकाला पक्कं. मामांनी हीटर बदलला असता.

कोल्हापूरचा_लेथ

आता कसं! भाचीला ह्यो मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवा. एक भर घालतो. वॉशरचं दोन्ही ठोके धरून दाब काढायचा झाला तर परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची ताकद. आतला न् भायेरचा मिळून दहा टनाच्या वर जातंय, मंजे दहा टनी प्रेस पुरत न्हाई, वीसची लागती. हे गणित हाय, पाठांतर न्हाई. गणिताला भिऊन हिकडं येऊ नये.

खडूफळा

टूलरूमवाले, उदाहरण उत्तम, माझ्या वर्गात वापरणार आहे. पण मामांना दुसरी बाजूही दिसायला हवी. टूल अँड डाय हा अरुंद रस्ता आहे. त्यात शिरलेलं माणूस प्रेस टूल, मोल्ड, फिक्स्चर याभोवती राहतं. पॉलिटेक्निकचं मेकॅनिकल पसरट आहे, हात कमी चालतो पण पुढे मेंटेनन्स, प्रॉडक्शन, डिझाइन, विक्री कुठेही वळता येतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आत्ताच इतकं नेमकं ठरवायला लावायचं का? मला शंका आहे.

दुसरं, कागदाचं. आमच्याकडून तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा मिळतो, त्यावर इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करताना कुणी काही विचारत नाही. टूलरूमचं प्रमाणपत्र टूलरूम देते. पुढे डिग्रीचा विचार होणार असेल तर समकक्षतेचं पत्र प्रवेशाआधी लेखी मागा, आणि कॉलेज ते पत्र धरतं का हे त्या त्या वर्षीच्या प्रवेशनियमात बघा. तोंडी 'हो, चालतं' वर जाऊ नका.

टूलरूमवाला

कागदाचं पूर्ण मान्य. लेखीच घ्या.

अरुंद रस्त्याचं मात्र मान्य नाही. मापात काम करायची, ड्रॉइंग वाचायची आणि चार मशिनी हाताळायची सवय असलेला माणूस मेंटेनन्सला गेला तरी चालतो. उलटं होत नाही. माझ्या बरोबरीचे निम्मे आज डायवर नाहीत, डिझाइनला किंवा स्वतःच्या युनिटवर आहेत.

खडूफळा

ते टिकलेले निम्मे. जे मध्येच सोडून गेले ते तुमच्या डोळ्यांसमोर नाहीत.

टूलरूमवाला

हे बरोबर बोललात.

रेवती_के

सर, तुमच्याही वायडी झालेल्या मुलांना हेच लागू होतं ना?

खडूफळा

लागू होतं. म्हणूनच एम-टूचं आधी सांगितलं.

जालन्याचा_मामा

तुम्ही भांडा, मला फायदाच होतोय.

कानसची हकीकत. पहिल्या दिवशी अगदी तुम्ही म्हणालात तसंच झालं, दोन्ही टोकांना उजेड. तिने ग्रिलवाल्याला विचारलं, तो म्हणाला जोर लाव. जोर लावला, आणखी बिघडलं. मग तिने स्केचपेनने अख्खी कड रंगवली आणि कानस मारून कुठला रंग आधी जातो ते बघत बसली. हे ऐकून मला हसू आलं, पण ग्रिलवाला हसला नाही. काटकोन अजून जमलेला नाही. काल संध्याकाळी मात्र कंटाळून उठली आणि मैत्रिणीकडे गेली, हेही सांगतो.

बहिणीचं म्हणणं आता असं की पॉलिटेक्निकचा कॅपचा फॉर्म भरूच, आणि टूलरूमची परीक्षाही देऊ. दोन्ही मिळालं तर? संस्था बघायला गेलो तर काय बघायचं? मला मशिनी सगळ्या सारख्याच दिसणार.

टूलरूमवाला

रंग लावणं हीच आमची पद्धत आहे, फक्त आम्ही निळं मार्किंग वापरतो, सरफेस प्लेटला पातळ लावून त्यावर जॉब घासतो. उंच भागाला निळा लागतो, तो काढायचा. तिला कुणी शिकवलं नसेल तर मी तिला नापास करणार नाही. कंटाळून उठली त्याचं काही नाही, आम्हीही उठायचो.

बघायला जाल तेव्हा मशिनी मोजू नका. कामाच्या दिवशी, दुपारच्या सत्रात जा. फिटिंगच्या बाकाजवळ उभे राहा आणि एकेका व्हाइसमागे किती मुलं उभी आहेत ते बघा. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये कापलेल्या धातूची ताजी चकाकती चिप पडलीय की नुसती धूळ, तेही बघा. गंजलेली जुनी चिप म्हणजे मशीन बंद. मोजमापाच्या खोलीला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते आणि मुलांना मायक्रोमीटर सही करून मिळतो का, हे विचारा. मग एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन म्हणा, तुझा मागचा जॉब दाखव आणि त्याचं माप सांग. त्याने सांगितलेला आकडा दोन दशांशांपर्यंत असेल आणि 'इथे तीन शतांश कमी झालं' असं तो स्वतःहून म्हणाला, तर तिथे मोजलं जातं.

हे पॉलिटेक्निकलाही करा, टूलरूमलाही करा. चांगलं पॉलिटेक्निक वाईट टूलरूमपेक्षा कधीही बरं.

कोल्हापूरचा_लेथ

आणि वर्कशॉपच्या शिक्षकाच्या हाताकडं बघा. स्वच्छ असलं तर इचारा, मशीन कधी चालवलंसा शेवटचं.

चिंगी_सातारा

मी सगळा धागा वाचला. आता समजलं विषय वेगळा होता. पण एक विचारू का? माझा धाकटा बारावी सायन्सला आहे, तोही घरातले पंखे उघडतो. त्याची बारावी तर होतच आली. मग त्याला थेट दुसऱ्या वर्षाला घालायचं की नाही?

खडूफळा

ताई, त्याच्या बाबतीत निखिलचा हिशोब बरोबर आहे. बारावी झालेलीच असेल तर थेट दुसरं वर्ष घ्या, दोन वर्षांत डिप्लोमा होईल. फक्त परीक्षा आणि प्रवेश यांच्यामध्ये जी सुट्टी मिळते त्यात त्याला ड्रॉइंग शिकवा. पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ग्राफिक्सचं पुस्तक आणि ए-थ्री कागद आणा. रोज घरातली एखादी वस्तू, नळाची तोटी, कडी, पंख्याचा कॅनोपी, समोर ठेवून समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन चित्रं मापात काढू द्या. पंखा उघडलाच आहे तर त्याच्या बेअरिंगचं घर आधी मोजून काढायला सांगा. इलेक्ट्रिकलकडे ओढा असेल तर शाखा वेगळी, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मामांचं राहून जाईल.

निखिल_वाळूज

म्हणजे मी अर्धा तरी बरोबर होतो.

जालन्याचा_मामा

सोमवारी दोन्ही ठिकाणी जाऊन येतोय, बहीण आणि भाची दोघीही बरोबर आहेत. लेखी पत्राचं बहिणीने वहीत लिहून घेतलंय. रेवतीताई, मुलींच्या होस्टेलबद्दल आणि शेवटच्या वर्षी मुलींना कंपनीत कुठल्या विभागात पाठवतात याबद्दल कुणाला विचारायचं? ऑफिसात विचारलं तर 'सगळीकडे पाठवतो' एवढंच सांगतील.

रेवती_के

ऑफिसात विचारू नका. शेवटच्या वर्षाला असलेल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन मुलींचे नंबर मागा. त्यांना विचारा, पहिल्या महिन्यात मशीनवर उभं केलं की टेबलावर बसवलं. नंबर द्यायला संस्थेने टाळाटाळ केली तर दुपारी होस्टेलच्या मेसमध्ये जा, तिथे सगळं कळतं. आणि हे बहिणीला नाही, भाचीला विचारू द्या. तुम्ही दोघं बाहेर चहा घ्या.